एक लाख वीस हजारांचा फरक

२०२५ मध्ये प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. त्यामुळे जुलैच्या शेवटी दरवर्षी असते तशी ऑफिसात झुंबड नव्हती आणि एका जोडप्याला मी जवळजवळ अख्खी दुपार देऊ शकले. ते सातपूरच्या एका कारखान्यात, बाई एका खासगी शाळेत शिक्षिका. विवरणपत्राचं काम अर्ध्या तासात उरकलं. मग त्यांनी खरा प्रश्न काढला, "मॅडम, तीन लाखांची एफडी आहे. ती मोडून गृहकर्जात भरून टाकू का? नाहीतरी महिन्याला लाखभर रुपये घरात येतात आणि तीस तारखेला काहीच उरत नाही. निदान कर्ज तरी कमी होईल."

हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी जण विचारतात. नुसते व्याजदर बघून मी त्याचं उत्तर देत नाही. म्हटलं, आधी तुमच्या घराचा ताळेबंद मांडू. दुकानाचा मांडतात तसाच. ३१ मार्च २०२४ चा एक, ३१ मार्च २०२५ चा दुसरा, आणि मधल्या वर्षाचं उत्पन्न-खर्च पत्रक. कागद जवळपास सगळे हाताशी होते: फॉर्म १६, दोघांची पीएफची पासबुकं, बँकेची स्टेटमेंटं, गृहकर्जाचा व्याजाचा दाखला. शिवाय बाईंची खर्चाची वही होती. रोजचा खर्च नीट अक्षरात, महिन्याच्या महिन्याला बेरीज मारलेली. अशी वही फार कमी घरांत बघायला मिळते. (इथले आकडे मी हजारांत पूर्ण करून देते आहे.)

मालमत्तेची बाजू त्यांनीच भराभर सांगायला सुरुवात केली. "फ्लॅट पंचेचाळीस लाखांचा, पॉलिसी दहा लाखांची..." मी थांबवलं. दहा लाख हा विम्याचा आकडा झाला, आज पॉलिसी सोडली तर हातात काय येईल ते लिहायचं. फोन करून विचारलं तेव्हा सरेंडर व्हॅल्यू निघाली १ लाख ४५ हजार, आदल्या वर्षी १ लाख २० हजार होती. फ्लॅटचंही तसंच. पंचेचाळीस लाख हा एजंटाने सांगितलेला भाव होता. तो मी खाली टीप म्हणून लिहिला आणि ताळेबंदात खरेदीची किंमत धरली, ३२ लाख. सोनं आणि म्युच्युअल फंडही घातलेल्या रकमेलाच. यावर त्यांचा चेहरा जरा पडला. पण कारण साधं आहे. भाव वाढल्याने झालेली वाढ आणि पगारातून मागे टाकलेले पैसे एकाच रकान्यात मिसळले, की आपण वर्षभरात खरोखर किती वाचवलं ते कधीच कळत नाही. त्या वर्षी सोन्याचा भाव इतका चढला होता की सगळा गोंधळ त्यातच झाकला गेला असता.

गाडी मात्र उतरत्या भावानेच लिहायची. पाच लाखांवर १५ टक्के घसारा, म्हणजे ७५ हजार कमी. "पण हे पैसे आम्ही कुणाला दिलेच नाहीत," बाई म्हणाल्या. दिले नाहीत, पण वर्षभर गाडी वापरली, तेवढी तिची किंमत संपली. हा खर्च वहीत कधी येत नाही, म्हणूनच तो मांडावा लागतो.

दोन्ही तारखांच्या बेरजा झाल्या. ३१ मार्च २०२४ ला मालमत्ता ५३ लाख ३० हजार, देणी २५ लाख ७१ हजार. म्हणजे स्वतःचे असे २७ लाख ५९ हजार. वर्षानंतर मालमत्ता ५५ लाख ५६ हजार, देणी २४ लाख ३१ हजार आणि स्वतःचे ३१ लाख २५ हजार. वाढ ३ लाख ६६ हजारांची. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ज्यांच्याकडे तीस तारखेला काही उरत नव्हतं, त्यांचे वर्षात साडेतीन लाखांहून जास्त वाढले होते.

मग उत्पन्न-खर्च पत्रक घेतलं. पगारदार माणसाचा घोळ इथेच होतो, कारण तो हातात पडणाऱ्या पगारापासून सुरुवात करतो आणि खात्यातून गेलेला प्रत्येक रुपया खर्च समजतो. मी दोघांचा पूर्ण पगार घेतला, १३ लाख २० हजार. त्यात कंपनीने आणि शाळेने पीएफमध्ये भरलेला वाटा ४९ हजार मिळवला. पीएफ पासबुकात दिसतो तेवढाच. मालकाच्या हिश्शातला जो भाग पेन्शन योजनेत जातो, त्याची आजची किंमत ठरवता येत नाही, म्हणून तो सोडला. पीएफवर ८.२५ टक्क्यांनी आलेलं व्याज ६२ हजार आणि एफडीचं व्याज २१ हजार. एकूण १४ लाख ५२ हजार.

खर्चाच्या बाजूला त्यांनी पहिला आकडा सांगितला तो हप्त्याचा: घराचा महिना २१,६९६, वर्षाचे २ लाख ६० हजार. मी बँकेचा दाखला त्यांच्यापुढे सरकवला. त्या २ लाख ६० हजारांत व्याज होतं १ लाख ९० हजार, मुद्दल फक्त ७० हजार. खर्च म्हणून लिहायचे ते १ लाख ९० हजार. ७० हजार हा खर्च नाही. बँकेतली शिल्लक तेवढी कमी झाली आणि कर्जही तेवढंच कमी झालं, घराची श्रीमंती जागच्या जागी राहिली. वीस वर्षांच्या कर्जात पाचव्या वर्षी अजून व्याजाचाच वाटा मोठा असतो, तो पुढे हळूहळू कमी होत जातो. गाडीचं उलट होतं, कर्ज छोटं आणि मुदत थोडी: १ लाख १६ हजारांच्या हप्त्यांत व्याज २१ हजार आणि मुद्दल ९५ हजार. पीएफची कपात आणि एसआयपीही अशाच, एका खिशातून दुसऱ्या खिशात. विम्याच्या ३० हजारांच्या हप्त्यातले २५ हजार सरेंडर व्हॅल्यूत वाढले, म्हणून खर्च ५ हजार.

प्राप्तिकर आणि व्यवसायकर मिळून ४५ हजार, घसारा ७५ हजार, आणि बाईंच्या वहीतला घरखर्च ६ लाख ३० हजार. क्रेडिट कार्डावर मार्चमध्ये केलेली खरेदी वहीत त्या-त्या तारखेला लिहिलेली होती, हे मी मुद्दाम तपासलं. बिल एप्रिलमध्ये भरलं तरी खर्च मार्चचाच, आणि ३१ मार्चला ते ४३ हजार देणं. एकूण खर्च ९ लाख ६६ हजार. शिल्लक ४ लाख ८६ हजार.

आणि इथे काम अडलं. पत्रक म्हणत होतं, ४ लाख ८६ हजार उरले. ताळेबंद म्हणत होता, ३ लाख ६६ हजारच वाढले. भाव वाढल्याचा परिणाम आम्ही आधीच बाजूला काढला होता, तेव्हा हे दोन आकडे जुळायलाच हवेत. फरक १ लाख २० हजार.

ताळा चुकला की फरकाचा आकडाच आधी नीट बघायचा. नऊने भाग जात असेल तर बहुतेक अंकांची अदलाबदल झालेली असते. १ लाख २० हजारांना नऊने भाग जात नाही. बाराने जातो, आणि येतात बरोबर दहा हजार. इतकी गोल रक्कम दर महिन्याला जात असेल, तर ती चूक नसते, कुठेतरी ठरवून जाणारा पैसा असतो. मी त्यांना बँकेचं स्टेटमेंट पुन्हा उघडायला सांगितलं आणि फक्त दहा हजारांच्या नोंदी बघा म्हटलं. पाच एप्रिल, पाच मे, पाच जून. यूपीआयने, एकाच नावाला.

"हा तर धाकटा भाऊ," ते म्हणाले. छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, त्याची मेस आणि खोलीभाडं. बाईंना पैसे पाठवतात हे माहीत होतं. वर्षाचे एक लाख वीस हजार होतात, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. "वहीत का नाही लिहिलं?" त्यांनी विचारलं, आवाज चढवून नाही. "अगं, तो खर्च नाही ना. घरचंच आहे. नोकरी लागली की देईलच तो."

मला त्या दोघांच्या मध्ये पडायचं नव्हतं, पण नोंद कुठे करायची हा प्रश्न माझाच होता. भाऊ परत देणार असेल तर ते येणं, मालमत्तेच्या बाजूला लिहायचं, आणि ताळा तसाही जुळतो. मी विचारलं, "लिहून घेतलंय का काही? किती द्यायचे, कधीपासून?" ते म्हणाले, "भावाकडून कोण लिहून घेतं? आणि नाही दिले तरी मी मागणार नाही." मग ते येणं नाही. जे मागायचं नाही असं आपण आतून ठरवलेलं आहे, ते मालमत्तेत धरलं तर ताळेबंद खोटा होतो. उद्या त्याने दिले, तर त्या वर्षी उत्पन्नात घेऊ. बाईंनी वही पुढे ओढली आणि स्वतःच एक नवा रकाना आखला: 'भावजींचं शिक्षण'. घरखर्चात मिसळायला त्या तयार नव्हत्या, आणि मला ते फार आवडलं. त्या रकमेला स्वतःचं नाव मिळालं. शिल्लक ३ लाख ६६ हजारांवर आली, ताळा जुळला.

आता मूळ प्रश्न. हे ३ लाख ६६ हजार गेले कुठे, ते मी ताळेबंदातूनच काढून दाखवलं. पीएफ १ लाख ९० हजारांनी वाढला, कर्जाचं मुद्दल १ लाख ६५ हजारांनी फिटलं, एसआयपी, एफडीचं व्याज आणि पॉलिसी मिळून १ लाख ६ हजार. त्यातून गाडीचे ७५ हजार उतरले. आणि बचत खात्यात फक्त ५ हजार वाढले, तर कार्डाचं देणं २५ हजारांनी वाढलं. म्हणजे हाताशी असलेला पैसा वर्षभरात २० हजारांनी कमीच झाला होता. तीस तारखेला काही उरत नाही, ही त्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती. बचत होत होती, पण ती सगळी अशा ठिकाणी जाऊन बसत होती जिथून ती सहजी काढता येत नाही.

एफडी मोडून कर्जात भरली असती तर ८.५ टक्के वाचून ७ टक्के गमावले असते. ३ लाख २१ हजारांवर हा फायदा पहिल्या वर्षी पाच हजारांच्या आतच. त्या बदल्यात हाताशी काय राहिलं असतं? खात्यातले ६५ हजार वजा कार्डाचे ४३ हजार, म्हणजे २२ हजार. घरखर्च, हप्ते आणि भावाचे पैसे धरून या घरातून महिन्याला ९४ हजार बाहेर जातात. २२ हजार म्हणजे एक आठवडा. एफडी ठेवली तर साडेतीन महिने निघतात. त्यांच्या कारखान्यात मागच्या दिवाळीनंतर कंत्राटी कामगार कमी केले होते, हे त्यांनी याच दुपारी बोलता बोलता सांगितलं होतं.

एफडी मोडायची नाही असं ठरलं. भावाचं शेवटचं वर्ष २०२६ च्या जूनमध्ये संपणार होतं. त्यानंतरचे महिन्याचे दहा हजार आधी वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकायचे, हाताशी सहा महिन्यांचा खर्च होईपर्यंत, आणि मगच गृहकर्जाच्या मुद्दलात. जाताना बाईंनी दोन्ही ताळेबंदांच्या छायाप्रती मागून घेतल्या आणि शेजारी ३१ मार्च २०२६ चा रिकामा रकाना आखून देता का, म्हणून विचारलं.