उजव्या बाजूचा अक्ष हटवताना : माझा अनुभव

आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालातील आलेख छपाईपूर्वी तपासण्याचे काम माझ्याकडे असते. यंदा बाकीचे आलेख सहज मार्गी लागले, पण एका दोन-अक्षी आलेखाने प्रकाशन विभागात असा काही मुक्काम ठोकला की त्याची चीड अजून गेलेली नाही. तोच आलेख पुढेही कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर येणार आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते. अहवालातले मूळ आकडे येथे देणे योग्य नाही. त्याऐवजी त्याच धर्तीचे सोपे आकडे घेतले आहेत.

आलेखाचा विषय साधा होता. पाच वर्षांत कर्मचाऱ्यांना दिलेल्या प्रशिक्षणाचे तास २,०००, २,४००, ३,१००, ३,६०० आणि ४,००० असे वाढत गेले, तर त्याच वर्षांत वेळेत निकाली निघालेल्या तक्रारींचे प्रमाण ८२, ८३, ८२.५, ८३.५ आणि ८४ टक्के होते. विभागाने डाव्या अक्षावर तास घेऊन तो १,००० ते ५,००० असा ठेवला, उजव्या अक्षावर टक्केवारी घेऊन तो ८१ ते ८५ असा ठेवला, आणि दोन्ही रेषा एकाच चौकटीत काढल्या. आता गणित पाहा. २,००० हा आकडा डाव्या अक्षावर तळापासून पाव उंचीवर येतो आणि ४,००० पाऊण उंचीवर. उजव्या अक्षावर ८२ नेमका पाव उंचीवर येतो आणि ८४ पाऊण उंचीवर. त्यामुळे दोन्ही रेषा एकाच बिंदूतून निघून एकाच बिंदूला पोहोचतात आणि मधली तीन वर्षे एकमेकींच्या आसपास चालतात. खाली शीर्षक होते, ‘प्रशिक्षण वाढले, निपटारा वाढला’.

मी हरकत घेतली. त्यावर उत्तर आले, ‘‘मॅडम, दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्ही अक्षांवर मापे छापलेली आहेत. यात दिशाभूल कुठे आली?’’ हा प्रश्न गैर नव्हता, आणि त्याचे उत्तर नीट देता आल्याशिवाय असा आलेख कोणीही मागे घेणार नाही. आकडे खरे असतात. दोन रेषांमधला संबंध मात्र आकड्यांतून आलेला नसतो, तो आलेख काढणाऱ्याने निवडलेल्या मापांतून येतो. तास आणि टक्केवारी ही दोन वेगळी परिमाणे आहेत. एक हजार तास म्हणजे किती टक्के, याला काहीच उत्तर नाही, म्हणून एका अक्षाला दुसऱ्याच्या तुलनेत वर-खाली सरकवायला किंवा ताणायला कोणतीही आडकाठी राहत नाही. वाचक मात्र आधी रेषा पाहतो, त्या जवळ आहेत की दूर, कुठे छेदतात, कोणती पुढे गेली, हे मनात पक्के करतो, आणि मापे वाचलीच तर नंतर वाचतो.

हे दोन-तीन पत्रांत लिहूनही फरक पडला नाही. ‘गेल्या वर्षीही असाच छापला होता’ हे एक उत्तर आणि ‘वेगवेगळे काढले तर जागा जास्त लागते’ हे दुसरे, एवढ्यावर फाइल अडून राहिली. छपाईची तारीख जवळ येत होती आणि मला पुन्हा पुन्हा तेच लिहावे लागत होते. मग मी लिहिणे थांबवून त्याच आकड्यांचे तीन आलेख काढले. डावा अक्ष तिन्हींत तसाच, १,००० ते ५,०००. बदल फक्त पायथन कोडच्या शेवटच्या ओळीत :

```python
ax1.plot(years, hours)
ax1.set_ylim(1000, 5000)
ax2 = ax1.twinx()
ax2.plot(years, rate)
ax2.set_ylim(80, 86)
```

उजवा अक्ष ८० ते ८६ केला की टक्केवारीची रेषा प्रशिक्षणाच्या वरून सुरू होते आणि शेवटी तिच्या खाली जाते. म्हणजे ‘प्रशिक्षणावर इतका वेळ घालवूनही निपटारा मागे पडला’ असे दिसते. ८१.५ ते ८४.५ केला की ती खालून सुरू होऊन शेवटी वर जाते. म्हणजे ‘निपटाऱ्याने प्रशिक्षणालाही मागे टाकले’. ० ते १०० केला की ती वरच्या बाजूला जवळजवळ आडवी पडून राहते आणि प्रशिक्षणाचा काही उपयोगच झाला नाही असे वाटते. एकही आकडा बदललेला नसताना एकमेकांना खोडून काढणारी तीन शीर्षके तयार होतात. तिन्ही कागद मी एकाखाली एक जोडले आणि विभागप्रमुखांना विचारले, ‘‘सर, यातला खरा कोणता?’’ त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि पहिल्यांदाच ‘मग काढायचा कसा?’ असा प्रश्न आला. मला त्या क्षणी फार समाधान वाटले. लेखी हरकतीपेक्षा असा जोडकागद पाठवणे किती तरी परिणामकारक ठरते, हे माझे ठाम मत झाले आहे.

याच टप्प्यावर मी त्यांना एक प्रसिद्ध उदाहरणही दाखवले. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका सुनावणीत ‘प्लॅन्ड पेरेंटहुड’ या संस्थेविषयी एक आलेख मांडला गेला होता. त्यात २००६ ते २०१३ या काळात कर्करोग तपासण्या सुमारे २० लाखांवरून ९ लाख ३६ हजारांवर उतरल्याचा एक बाण होता आणि गर्भपात सुमारे २ लाख ९० हजारांवरून ३ लाख २७ हजारांवर चढल्याचा दुसरा. दोन्ही बाण मध्ये एकमेकांना छेदत होते आणि ३ लाख २७ हजारांचे टोक ९ लाख ३६ हजारांच्या टोकापेक्षा वर होते. उभा अक्ष छापलेलाच नव्हता. येथे तर दोन्ही गोष्टी संख्येनेच मोजलेल्या, म्हणजे एकाच अक्षावर सहज बसणाऱ्या होत्या, आणि तशा बसवल्या तर त्या रेषा कुठेच भेटत नाहीत. त्या विषयावर कोणाचे मत काहीही असो, छेदनबिंदू कागदावर तयार केलेला होता.

‘काढायचा कसा’ याचे माझे पहिले उत्तर पुरेसे ठरणार नाही हे मला ठाऊक होते, तरी ते आधी मांडले, कारण बहुतेक ठिकाणी तेच सुचवले जाते. पहिल्या वर्षाला १०० मानून दोन्हींचा निर्देशांक काढायचा. तास १०० वरून २०० वर जातात, टक्केवारी १०० वरून सुमारे १०२.४ वर. अक्ष एकच राहतो, त्यामुळे मनमानी कमी होते. मात्र टक्केवारीला १०० चे छत आहे. ८२ पासून सुरुवात केली तर तिचा निर्देशांक १२२ च्या पुढे कधीच जाऊ शकत नाही, आणि तासांना असे छत नाही. शिवाय वेळेत न निघालेल्या तक्रारी १८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आल्या असे म्हटले तर तीच सुधारणा एक नवमांशाची घट म्हणून दिसते. आधारवर्ष अपवादात्मक निवडले तर निर्देशांकही फसवतो.

म्हणून शेवटी दोन छोटे आलेख एकाखाली एक काढले, वर्षांचा आडवा अक्ष सामाईक ठेवला (`plt.subplots(2, 1, sharex=True)`) आणि प्रत्येकाला स्वतःचा, स्वतःच्या नावाचा उभा अक्ष दिला. उंची निम्मी केल्यामुळे जागाही तेवढीच लागली. मग जे आधी झाकले गेले होते ते उघड झाले : ज्या वर्षी प्रशिक्षण सर्वांत जास्त, ७०० तासांनी, वाढले, त्याच वर्षी निपटारा अर्ध्या टक्क्याने घसरला. दोन गोष्टी एकाच काळात वाढत असल्या की त्यांच्या रेषा सोबत चालणारच; संबंध खरोखर आहे का, हे पाहायचे तर दरवर्षी झालेले बदल एकमेकांसमोर मांडावे लागतात. आमच्याकडे असे बदल केवळ चार होते, तेवढ्यांवरून कारण सिद्ध होत नाही. म्हणून शीर्षकही बदलून घेतले. आलेख दुरुस्त करून जुने शीर्षक तसेच ठेवले असते तर सगळे श्रम वाया गेले असते.

दोन अक्ष प्रत्येक वेळी चुकीचे असतात असे मात्र नाही. एका बाजूला सेल्सिअस आणि दुसऱ्या बाजूला फॅरनहाइट असेल तर हरकत नाही, कारण त्यांच्यातले नाते ठरलेले आहे आणि एक अक्ष दुसऱ्यापासून वेगळा सरकवता येत नाही.

उरलेल्या आलेखांविषयी थोडक्यात. याच टक्केवारीचा एक स्तंभालेख ८० पासून सुरू केलेला होता. त्यात ८२ चा स्तंभ दोन घरे उंच आणि ८४ चा चार घरे, म्हणजे डोळ्यांना शंभर टक्के वाढ, प्रत्यक्षात सुमारे २.४ टक्के. स्तंभाची लांबी हेच त्याचे माप असते, म्हणून त्याचा अक्ष शून्यापासूनच हवा. रेषालेखात चढ-उतार पाहायचा असतो, तेथे शून्याची सक्ती नाही. हा प्रकार मुद्दाम केलेला नव्हता. लहान आणि मोठ्या आकड्यांतला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण एक षष्ठांशापेक्षा कमी असला की एक्सेल स्वतःहूनच अक्ष शून्याच्या वर सुरू करते. `Format Axis` मध्ये जाऊन `Minimum` ला ० लिहिले आणि काम झाले. तिसऱ्या आलेखाची सुरुवात नेमक्या सर्वांत वाईट वर्षापासून केली होती. त्याला मागची वर्षे जोडायला लावली. जागतिक तापमानाचे आलेख १९९८ या एल निन्योमुळे असाधारण उष्ण ठरलेल्या वर्षापासून सुरू केले की पुढची दहा-बारा वर्षे तापमानवाढ थांबल्यासारखी भासते, आणि १९७० पासून पाहिले की चढ स्पष्ट दिसतो. आमच्या आलेखात तेच उलट्या दिशेने घडले होते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. दुसऱ्याने काढलेला दोन-अक्षी आलेख वाचताना उजव्या अक्षाची वरची आणि खालची मापे कागदावर उतरवून घ्यावीत आणि त्यांतला फरक प्रत्यक्ष आकड्याच्या किती पट आहे ते पाहावे. आमच्या आलेखात संपूर्ण उजवा अक्ष फक्त चार टक्क्यांचा होता, आणि हे मी प्रकाशन विभागाला पाठवलेल्या पहिल्याच पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिले असते तर कदाचित फाइल इतकी रखडली नसती. एक्सेलमध्ये `Secondary Axis` निवडला की दोन्ही अक्षांची मापे आपोआप आणि स्वतंत्र ठरतात, त्यामुळे रेषांची जवळीक निव्वळ योगायोगानेही तयार होते. विभागाच्या साच्यातून तो पर्याय काढून टाकण्याची विनंती मी केली आहे. पुढच्या अहवालाचे काम सुरू होण्यापूर्वी तिचा निर्णय मला लेखी हवा आहे.