नुसतं ‘ओके’ आलं तर

आज काकांनी व्हॉट्सॲपवर गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवला. त्यांना दिसत नाही, फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर चालतो. मी लिहिलं: ‘मेटफॉर्मिन ५००, चंदेरी पाकीट, सहा गोळ्या शिल्लक. एक्सपायरी दिसत नाही, त्या बाजूचा तुकडा कापलेला आहे.’

उत्तर आलं, ‘ओके’.

टॉकबॅकवर एकेक अक्षर ऐकत टाइप करावं लागतं, त्यामुळे तुटक उत्तर म्हणजे नाराजी नव्हे. पण हवं ते मिळालं का, हेही त्यातून कळत नाही. ‘समजलं का?’ विचारलं असतं तर पुन्हा ‘हो’ आलं असतं. सगळं वर्णन परत लिहिणं तर त्यांना ऐकायला त्रासाचंच. म्हणून एका शब्दात उत्तर देता येईल असं विचारलं: ‘नाव हवं होतं की तारीख?’

मग त्यांचा व्हॉइस मेसेज आला. बीपीच्या टेल्मिसार्टनचं पाकीटही हाताला अगदी असंच लागतं, दोन्ही एकाच डब्यात आहेत, कुठलं कुठलं तेच कळेना! मी दुसऱ्याचाही फोटो मागवला, नाव वाचलं आणि मेटफॉर्मिनला रबरबँड लावायला सांगितलं. कोपरा कापून खूण करू नका म्हटलं, तारीख बहुधा कडेलाच छापलेली असते. मेटफॉर्मिनची तारीख मात्र ते उद्या दुकानातल्या बिलावरून विचारून घेणार आहेत.