शनिवारी दहाला येतो

मित्राचा फोन गुरुवारी संध्याकाळी आला. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत तो सहा वर्षं आठ महिने होता. सकाळी मीटिंगला बोलावलं, दुपारी लॅपटॉप काढून घेतला. मला काहीच सुचेना. "काही लागलं तर सांग," एवढंच बोललो आणि फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. माझी नोकरी गेली तेव्हा हेच वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकलं होतं आणि एकालाही फोन केला नव्हता. काय लागेल हेच तेव्हा कळत नव्हतं.

रात्री त्याला मेसेज लिहिला:

"शनिवारी दहाला घरी येतो. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, मेडिक्लेमचं कार्ड एका पिशवीत घालून ठेव. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, कागद मी बघतो. उद्या फक्त एक कर. ग्रुप मेडिक्लेम कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते एचआरला मेलवर विचार. आणि फुल अँड फायनलच्या कागदावर मला दाखवल्याशिवाय सही करू नकोस."

मेडिक्लेम आधी, कारण त्याच्या आईला मधुमेह आहे आणि त्या कंपनीच्याच पॉलिसीत होत्या. नवीन पॉलिसी घेतली की जुन्या आजारासाठी पुन्हा थांबावं लागतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत गेलं, तर आधी भरलेली वर्षं धरली जातात. पण अर्ज जुनी पॉलिसी चालू असतानाच करायचा. एचआरचं उत्तर आलं, अकरा दिवस उरले होते. शनिवारी आम्ही अर्ज भरला, काकूंचे साखरेचे रिपोर्ट जोडले. विमा कंपनी तपासून नाहीही म्हणू शकते, हे त्याला आधीच सांगितलं होतं. त्यांनी होकार दिला. हप्ता मात्र चांगलाच वाढला.

मग हिशेबाचा कागद. ग्रॅच्युइटी सहा वर्षांची लावली होती. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ती मिळते आणि शेवटचं वर्ष सहा महिन्यांहून जास्त भरलं असेल तर पूर्ण धरतात. म्हणजे त्याची सात. मूळ पगार ४०,०००. त्याला २६ ने भागून १५ ने गुणलं की एका वर्षाचे साधारण २३,०७७ रुपये होतात, सात वर्षांचे १,६१,५३८. एक अख्खं वर्ष गाळलेलं. त्यानं मोबाइलवर स्वतः आकडेमोड केली, पुन्हा एकदा केली, मग मेल लिहायला बसला. दोन दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदा नेहमीसारखा वाटला. पुढच्या आठवड्यात सुधारलेला कागद आला.

त्या शनिवारी नोकरीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. काकूंनी पोहे केले होते. निघताना तो जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "पुढच्या शनिवारीही ये. होमलोनच्या हप्त्याचं बँकेत बोलायला जायचंय, एकट्याला जमणार नाही."