रिपोर्टमधला लाल रकाना

मी क्लिनिकल फार्माकॉलॉजीत आहे, म्हणजे पेशंट थेट माझा नसतो, पण औषधांचं काही अडलं की फाइल माझ्याकडे येते. ही फाइल मात्र अडलेल्या पेशंटची नव्हती. सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीवर त्याचा पीएचक्यू-९ चा, म्हणजे नैराश्य किती आहे ते मोजणाऱ्या प्रश्नावलीचा, स्कोअर १९ वरून ९ वर आला होता, साइड इफेक्ट खास नाही. फक्त मधल्या काळात घरच्यांनी कुठलं औषध जीननुसार चालेल ते सांगणारी जीन टेस्ट करून आणली आणि त्यात सर्ट्रालिन लाल, म्हणजे जपून वापरा अशा रकान्यात. मानसोपचारवाले सहकारी म्हणाले, हिरव्या रकान्यात व्होर्टिओक्सेटिन हे नैराश्यावरचं दुसरं औषध आहे, बदलूया का?

लोक रंग बघतात आणि थांबतात. मी मागचं बारीक अक्षरातलं पान काढलं. सर्ट्रालिन मुख्यतः ज्यांच्यामुळे शरीरात मोडतं त्यातलं महत्त्वाचं एन्झाइम सीवायपी२सी१९, आणि ते याचं नॉर्मल होतं. मग लाल कशामुळे? एसएलसी६ए४ मुळे, म्हणजे सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरचा जीन. जीननुसार औषध कसं द्यावं ते सांगणाऱ्या सीपीआयसी या तज्ज्ञगटाच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्ये हा जीन तपासला गेलाय आणि त्यावरून औषध ठरवण्याइतका पुरावा नाही असं लिहिलंय. तरी तो रंगात मिसळलेला, आणि कितपत मिसळला ते रिपोर्टमध्ये कुठेच नाही. याचा मला खरंच राग येतो.

हिरव्याचीही तीच गत. व्होर्टिओक्सेटिन सीवायपी२डी६ ने मोडतं, तो जीन नॉर्मल म्हणून हिरवं. पण पेशंट ब्युप्रोपियॉन हे आणखी एक औषधही घेतोय, जे हेच एन्झाइम जोरात दाबतं! जीन नॉर्मल, पण प्रत्यक्षात एन्झाइम सुस्त, अशा वेळी व्होर्टिओक्सेटिनचा डोस निम्मा करावा लागतो. टेस्टला हे कळणार कसं, तिला गोळ्यांची यादी कोणी दिलीच नव्हती.

मीटिंगमध्ये सांगताना मी "टेस्ट निरुपयोगी" असं म्हणत नाही, कारण ते खरं नाही आणि तसं म्हटलं की माणसं ऐकायचं बंद करतात. पेशंट सीवायपी२सी१९ चा पुअर मेटाबोलायझर असेल, म्हणजे ते एन्झाइम जवळजवळ काम करत नसेल, तर एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध रक्तात बरंच साठतं, तिथे रिपोर्ट कामाचा. म्हणजे औषध रक्तात किती राहील याचा अंदाज मिळतो, लागू पडेल का ते कळत नाही. मग अशी टेस्ट बघून औषध निवडल्याने फायदा होतो का हे तपासणारी २०२२ ची प्राइम केअर ट्रायल दाखवली: १९४४ माजी सैनिक, २४ आठवड्यांचा एकत्रित हिशोब केला तर टेस्टवाल्या गटात पूर्ण बरं होण्याचं प्रमाण साधारण ३ टक्के-अंकांनी जास्त, पण शेवटच्या २४ व्या आठवड्याला नीट फरक उरला नाही. आणि कोणाचा रिपोर्ट हातात आहे हे डॉक्टर-पेशंट दोघांनाही माहीत होतं, म्हणजे त्या फरकात अपेक्षेचाही वाटा असू शकतो.

सहकाऱ्यांना पटलं, सर्ट्रालिन चालू ठेवलं. पेशंटला पटलं का, सांगता येत नाही. पुढच्या व्हिजिटला तो म्हणाला, "डॉक्टर, हल्ली झोप मोडते, ते लाल गोळीमुळेच ना?" आता ही झोप खरंच गोळीमुळे मोडतेय की त्या रंगामुळे, हे कुठल्या टेस्टने शोधायचं?