अलेग्रो १४४ की १०८?

सोलापूरच्या पूर्व भागात माझा पियानोचा क्लास आहे. शेजारी यंत्रमाग चालतात, त्यामुळे लय दाखवणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक ऐकू येत नाही. मी दिवा लुकलुकणारा मेट्रोनोम वापरतो.

त्या शनिवारी आठवीतली एक विद्यार्थिनी आईबरोबर आली. मोझार्टचा सी मेजरमधला सोनाटा, के. ५४५, तिनं घरी बसवून आणला होता. मुलगी मुळात तबल्याची, त्यामुळे लय पक्की. पण पहिले चार बार झोकात वाजले आणि पाचव्यात बोटं एकमेकांत अडकली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच.

"सर, ॲपमध्ये बघूनच लावलंय की," आई म्हणाली. "अलेग्रो म्हणजे मिनिटाला १२० ते १६८ मात्रा. तिनं मधला धरला, १४४."

हे आकडे ॲपचे मनचे नाहीत, जुन्या मेट्रोनोमच्या पट्टीवरही ते छापलेले असतात. पण मोझार्टनं हा सोनाटा १७८८ मध्ये लिहिला, १७९१ मध्ये तो वारला, आणि मेल्झेलनं मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ मध्ये. म्हणजे या पानावर कुठे आकडा छापलेला दिसलाच तर तो नंतरच्या संपादकाचा. मोझार्टनं फक्त 'अलेग्रो' लिहिलं आहे. किती जलद, हे उरलेल्या पानातून काढायचं.

मी तिला विचारलं, "तबल्यावर चौपट करायची असेल तर ठाय लय कुठे धरतेस?"

"चौपट निघेल इतक्यावर," ती पटकन म्हणाली. पुढचं काम सोपं झालं.

इथे एका बारमध्ये चार मात्रा आहेत, क्वार्टर नोटची एक मात्रा. सुरुवातीच्या बारांमध्ये उजव्या हातात लांब सूर आहेत आणि डावा हात मात्रेला दोन सूर वाजवतो, म्हणजे दुप्पट. तिथे १४४ सहज जमतात आणि तिथेच फसगत होते. पाचव्या बारपासून उजव्या हातात वर जाऊन खाली येणाऱ्या सिक्स्टीन्थच्या सुरावटी सुरू होतात. तीच चौपट. १४४ ला सेकंदाला साडेनऊच्या वर सूर, १२० ला बरोबर आठ. अंगठा बोटांखालून नेत एवढे सूर सारखे काढणं तिच्या हाताच्या पलीकडचं होतं. घरच्या हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर ते निसटत निभावलं असावं. माझ्या पियानोची पट्टी जड आहे, तिथे काही लपत नाही.

मग उलटीकडून सुरुवात केली. आधी फक्त पाचवा बार, ८० वर, मग थोडं थोडं वाढवत. वेग जास्त झाल्याची खूण चुकीचा सूर ही नव्हे, ती फार उशिरा दिसते. त्याआधी सुरावटीच्या टोकाला सूर गोळा होतात आणि पुढच्या बारची सम हलते. ११६ ला सम हलली. ११२ ला ठीक वाटलं.

"मग इतकं हळूच का नाही वाजवायचं?" आईनं विचारलं. ८० ठीक वाटले होते त्यांना. मी त्याच वेगानं सुरुवातीचे बार वाजवून दाखवले. पहिला लांब सूर पुढचा यायच्या आत विरत गेला, डाव्या हाताचा प्रत्येक सूर वेगळा ठोकल्यासारखा झाला, चाल म्हणून काही उरलीच नाही. म्हणजे वरची मर्यादा चौपटीचे बार सांगतात आणि खालची हे लांब सूर.

११२ वर सोनाट्याचा अख्खा पहिला भाग वाजवायला लावला. त्याचा मधला तुकडा निघाला. पुढे सुरुवातीची चाल परत येते, या वेळी एफ मेजरमध्ये. त्यामागून त्या सुरावटीही येतात, पण आता त्या उजव्या हातावर थांबत नाहीत, डाव्या हातातही उतरतात. तिथे गाडी पुन्हा अडली. पुष्कळ जण पाचव्या बारवरून वेग ठरवतात आणि शेवटच्या पानावर फसतात, कारण डाव्या हाताला इतक्या पळत्या सुरावटींची सवय नसते.

त्या बारांवर १०८ निघाले.

"पण १०८ म्हणजे अलेग्रो नाही ना? ॲपमध्ये तर मॉडरॅटो दाखवतंय," ती म्हणाली.

मी तिला दुसऱ्या भागाचे, म्हणजे अँडान्टेचे, चार बार वाजवायला लावले आणि लगेच पहिला भाग १०८ वर. फरक तिलाच ऐकू आला. एकाच सोनाट्यात अलेग्रो, अँडान्टे आणि शेवटी अलेग्रेट्टो आहेत. ते एकमेकांपासून वेगळे वाटले पाहिजेत, ॲपची पट्टी काही का म्हणेना. माझ्या मते तयार हातांनी हा भाग १३० च्या आसपास छान उडतो. तिच्या हातांसाठी आज १०८, डावा हात तयार झाला की वाढवू.

तिनं पेन्सिलीनं अलेग्रोच्या डोक्यावर १०८ लिहिलं, आणि तिसऱ्या भागाचं पान उघडून सगळ्यात बारीक सूर कुठे आहेत ते शोधायला लागली.