बिजागरी आठवली, इंग्रजी शब्द नाही

आयईएलटीएस ह्या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या चाचणीचा दुसरा भाग सगळ्यात एकाकी. हातात एक कार्ड मिळतं, विचार करायला एक मिनिट, आणि मग एक ते दोन मिनिटं आपणच बोलायचं. समोरचे परीक्षक नुसते ऐकतात. माझ्या कार्डावर विषय होता, घरातली बिघडलेली आणि मग दुरुस्त केलेली वस्तू. मी आजीचं सागवानी कपाट निवडलं. कागदावर दार, सुतार, आजीची घासाघीस असं काहीबाही टिपलं आणि बोलायला लागले.

"वन ऑफ द डोअर्स वॉज हँगिंग लूज, बिकॉज द..." आणि पुढचा शब्द गायब. मराठीतली बिजागरी मात्र डोळ्यांसमोर लख्ख, तिच्या गंजक्या स्क्रूंसकट.

अशा वेळी परीक्षकांना "ह्याला काय म्हणतात?" असं विचारून उपयोग नसतो. शब्द पुरवणं हे त्यांचं काम नाही. कपाट सोडून भलतंच काही बोलायला लागावं, तर सांगणं मध्येच तुटतं. आणि गप्प राहून शब्द शोधत बसणं सगळ्यात महाग. ह्या परीक्षेचे गुणांचे निकष जाहीर आहेत, आणि वरच्या बँडमध्ये, म्हणजे वरच्या गुणपातळीत, त्यांना हे चालतं की माणूस काय सांगावं ह्याचा विचार करायला थांबला. शब्दासाठी वारंवार अडणं चालत नाही. उलट, न आठवणारी गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगता येणं हे शब्दसंपदेच्या निकषात स्पष्ट लिहिलेलं आहे. चार बँडवाला तसा प्रयत्न क्वचितच करतो, पाचवाला करतो पण ते दर वेळी जमत नाही, सहावाल्याला बहुतेकदा जमतं, सातवाला ते परिणामकारकपणे करतो. म्हणजे शब्द अडला तिथेच गुण मिळवायची जागाही असते.

मी "द" पुन्हा उच्चारला आणि म्हटलं, "द मेटल पार्ट..." इतकं बोलल्यावर जरा हायसं वाटलं, पण एवढ्यानं भागत नाही. दाराचा धातूचा भाग कडी असू शकते, मूठही असू शकते. म्हणून पुढे जोडलं, "दॅट जॉइन्स द डोअर टू द फ्रेम अँड लेट्स इट स्विंग ओपन." जोडते आणि फिरू देते, हे दोन्ही मिळून फक्त बिजागरीच करते. वर्णन पुरलं का हे मी असंच तपासते: ऐकणाऱ्याच्या मनात दुसरी एखादी वस्तू येऊ शकेल का? येत असेल तर आपली वस्तू काय काम करते ते सांगायचं राहिलंय.

हे त्या क्षणी सुचलं ते सरावामुळे. परीक्षेआधी मी आणि बहीण स्वयंपाकघरातल्या वस्तू नाव न घेता इंग्रजीत ओळखायला लावायचो. आधी जात सांगायची, म्हणजे टूल, कंटेनर, मटेरियल असं काहीतरी; मग ती कुठे असते, मग काय करते. जात आधी सांगितली की वाक्य आपोआप 'दॅट' किंवा 'विच'कडे वळतं, आणि तेवढ्यात जोडवाक्यही पदरात पडतं. किसणी, झारा सहज सुटायचे. रवीनं आम्हाला बराच वेळ छळलं, कारण बहीण दर वेळी चमचा म्हणायची.

पुढे कपाटाबद्दल बोलताना मी ते लांबलचक वर्णन पुन्हा केलं नाही. "दोज मेटल पार्ट्स" एवढंच म्हणत राहिले. शेवटाकडे हिंज हा शब्द अचानक परत आला. तेव्हा "हां, आठवला!" असं न म्हणता पुढच्याच वाक्यात "द न्यू हिंजेस" म्हणून टाकलं आणि पुढे गेले.

तिसऱ्या भागात प्रश्न आला की हल्ली लोक वस्तू दुरुस्त का करत नाहीत. तिथे डिस्पोजेबल हा शब्द अडला. अशा शब्दांना ना धातू ना जागा, त्यामुळे माझी रीत तिथे लंगडी पडते. मग प्रसंग सांगायचा: "थिंग्ज यू यूज वन्स अँड थ्रो अवे." नाहीतर उलट बाजूनं यायचं, "नॉट मेड टू लास्ट."

ह्यालाही मर्यादा आहे. दर दोन वाक्यांनी असा वळसा घ्यावा लागला, तर शब्दसाठाच तोकडा असल्याचं दिसतं. आणि ह्या वळशांनी मला नेमकं किती तारलं हे सांगता येणार नाही, कारण निकालपत्रावर बोलण्याचा एकच बँड छापून येतो. शब्दसंपदा, ओघ, व्याकरण आणि उच्चार ह्यांचे वेगळे आकडे त्यावर नसतात.