पाठ झालेली चाळीस पाने

«आपल्याकडे सगळे पाठ करून पास होतात, मग तिकडे वर्गात बसून चर्चा करायला तुला जमले कसे?»

मुलांना परदेशी पाठवणारे सोलापुरातील पालक मला हे गेली सहा वर्षे विचारत आहेत. आजवर मी «इंग्रजी सुधारा, बाकी आपोआप होते» असे सांगून सुटका करून घेत आलो. ते उत्तर खोटे होते. इंग्रजी मला येत होते, आणि फजिती झाली ती इंग्रजीमुळे नव्हे.

इंग्लंडमध्ये आर्थिक इतिहासाच्या एम.ए.ला दर आठवड्याला साधारण दीडशे पाने वाचून यायचे आणि बारा जणांनी एका टेबलाभोवती बसून दोन तास त्यांवर बोलायचे, अशी पद्धत होती. तिसऱ्या आठवड्यात इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांचा 1967 मधील एक लेख होता. त्याचा आशय थोडक्यात असा: कारखाने येण्यापूर्वी माणूस कामाच्या गतीने जगत असे, कारखान्याने त्याच्यावर घड्याळ लादले आणि काही पिढ्यांत ते घड्याळ त्याच्या अंगवळणी पडले. चाळीसेक पानांचा तो लेख मी चार वेळा वाचला, अकरा पानांच्या नोट्स काढल्या आणि दहावीला अपेक्षित प्रश्नसंच घोकावा तशा त्या घोकल्या.

वर्गात मी पाच मिनिटे अस्खलित सारांश सांगितला. प्राध्यापिका शांतपणे म्हणाल्या, «छान. पण थॉम्पसन यांना हे कळले कसे?» मला प्रश्नच उमगला नाही. लेखकाने लिहिले आहे म्हणजे त्याला ठाऊक असणारच. ते त्याला कशावरून कळले हे विचारणे मला उद्धटपणाचे वाटले असते. मी पुन्हा सारांशाकडे वळलो. त्यांनी हाताने थांबवून विचारले, «तळटीपा पाहिल्यात?» मी त्या पाहिल्या नव्हत्या. तळटीपा परीक्षेत येत नाहीत.

तेव्हा समोरचा एक मुलगा, ज्याने लेख अर्धाच वाचल्याचे आधीच कबूल केले होते, म्हणाला की यातला बराच पुरावा मालकांच्या आणि धर्मोपदेशकांच्या तक्रारींचा आहे. «कामगार सोमवारी येत नाहीत» असे कुरकुरणाऱ्या माणसाला कामगाराचा सोमवार कितपत माहीत असणार? पुढची वीस मिनिटे चर्चा त्याच्या वाक्यावर चालली. मला संताप आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. अर्धे वाचून बोलणे हे धाडस आहे की निलाजरेपणा, याचा निर्णय मी आजही करू शकत नाही. मात्र त्याने त्या अर्ध्या लेखाच्या तळटीपा वाचल्या होत्या, हे मान्य केले पाहिजे.

पहिल्या निबंधाला 48 गुण पडले. उत्तीर्ण व्हायला 50 लागतात. शेरा एका शब्दाचा होता: «वर्णनात्मक». आमच्याकडे याच शब्दाच्या प्रश्नाला पंधरा गुण असतात.

त्यानंतर मी प्रत्येक लेखासाठी एक कार्ड करू लागलो. त्यावर चार ओळी: लेखकाचा दावा काय, तो कोणाच्या विरोधात आहे, पुरावा कोणी आणि कशासाठी लिहून ठेवलेला आहे, आणि काय सापडले तर हा दावा कोसळेल. आधी प्रस्तावना आणि शेवट, मग तळटीपा, मग मधला भाग. चौथी ओळ भरता आली नाही, तर लेख समजलेला नाही असे धरायचे. पाठांतर वाया गेले असे मात्र मी म्हणणार नाही. कोणता युक्तिवाद कोणत्या पानावर आहे हे मला वही न उघडता सांगता येत असे, आणि त्याचा उपयोग होत असे.

दुसऱ्या निबंधात मी आजोबांना आणले. ते सोलापूरच्या एका कापडगिरणीत माग चालवणारे साचेवाले होते. घरात घड्याळ नव्हते, गिरणीचा भोंगा होता. पण ते म्हणत, भोंग्याला कोण घाबरतो. फाटकाशी बदली कामगार उभे असायचे आणि उशीर झाला की आपला साचा त्या दिवसापुरता त्यांच्यापैकी एकाला जायचा. म्हणजे वक्तशीरपणा अंगी बाणला नव्हता, रोजी बुडण्याची भीती होती, असे मी थॉम्पसन यांच्याविरुद्ध मांडले. 64 गुण मिळाले आणि समासात प्रश्न आला: «एका माणसाची आठवण किती भार पेलेल?»

तो प्रश्न रास्त होता. त्याहून अडचणीची गोष्ट मी निबंधात लिहिलीच नाही. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, बदलीवालेही गेले. तरी आजोबा अखेरपर्यंत पहिल्या पाळीच्या वेळेला उठून, अंघोळ करून, डबा नसलेली पिशवी घेऊन दाराशी बसत. माझ्या कार्डावरच्या चौथ्या ओळीत खरे तर हेच लिहायला हवे होते. मला ते तेव्हाच आठवले होते, आणि ते माझ्या मुद्द्याला सोयीचे नव्हते.